निंबाची सावली आणि मॉन्टमोरेंसीचं जंगल

*नमस्कार बाई. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवते, पट २८. 'कृतीतून शिकवा, मुलांच्या कलानं घ्या' असं प्रत्येक शिक्षण परिषदेत सांगतात, म्हणून मी रोज एक तरी कृती घेते. पानं चिकटवणं, मातीची फळं, कागदी मुकुट. मुलं रमतात, पण शनिवारी विचारलं तर काय शिकलो हे एकालाही सांगता येत नाही. अकरा मुलांना अजून वाचता येत नाही. डी.एड.ला निसर्गवाद शिकले होते: रूसो म्हणतो, मुलाला मोकळं सोडा, निसर्गच शिकवतो. पालक म्हणतात, शाळेत नुसता खेळ चालतो. चूक निसर्गवादाची की माझी? मुलांची वाट बघू, की सरळ गिरवायला बसवू?*

प्रिय ताई,

डी.एड.च्या वहीतलं ते वाक्य माझ्याही वहीत होतं. परीक्षेतल्या टीपेपुरतं ते चालून गेलं. रूसो या विचारवंतानं एमिल नावाच्या एका कल्पित मुलाच्या वाढीवर लिहिलेलं 'एमिल' हे पुस्तक मी नोकरीला लागल्यावर बऱ्याच वर्षांनी वाचलं आणि त्यात मोकळं सोडून दिलेलं मूल मला कुठंच सापडलं नाही. सापडला तो एक शिक्षक. सकाळी फिरायला कुठल्या वाटेनं जायचं, मुलाला भूक कधी लागेल, वाटेत कोण भेटेल, हे सगळं आधी ठरवून ठेवणारा, आणि आपण काही ठरवलंय हे मुलाला कळू न देणारा. तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं त्या शिक्षकाच्या कामात आहेत. पहिल्याचं उत्तर तो जे करतो त्यात आहे आणि दुसऱ्याचं त्याला जे करता येत नाही त्यात. म्हणून थोडं त्याच्याबद्दल लिहिते.

'एमिल' १७६२ साली आलं. त्यातल्या धर्माविषयीच्या मतांमुळे पॅरिस आणि जिनीव्हा दोन्हीकडे ते जाळलं गेलं. त्या काळी तिकडं मूल जन्मलं की हातपाय हलू नयेत म्हणून त्याला कापडाच्या पट्ट्यांनी घट्ट बांधून ठेवत. रूसोचं पुस्तक तिथूनच सुरू होतं: आधी या पट्ट्या सोडा. पुढं तो म्हणतो की मोठी माणसं मुलात सतत पुढचा मोठा माणूस शोधत असतात, आत्ता समोर असलेलं मूल ती बघतच नाहीत. मुलाची बघण्याची, विचार करण्याची, वाटण्याची स्वतःची रीत असते, आणि त्याच्या जागी आपली रीत बसवण्याइतकं अडाणीपण दुसरं नाही. त्याच्या आधी इंग्लंडमध्ये जॉन लॉकनं, मुलांना कारणं सांगून पटवा, असं लिहिलं होतं. रूसोला ते उफराटं वाटलं. तर्क सगळ्यात शेवटी पिकतो, आणि जे शेवटी पिकतं तेच हत्यार म्हणून सुरुवातीला कसं वापरणार? म्हणून बारा वर्षांपर्यंत शब्दांनी शिकवू नका, उपदेश नको, पाठांतर नको, असं त्याचं सांगणं. यालाच आपल्या पुस्तकांत 'नकारात्मक शिक्षण' म्हणतात, आणि 'मोकळं सोडा' हे वाक्य त्यातूनच घसरत घसरत आपल्यापर्यंत आलं.

त्यानं वर्ज्य केलं ते फक्त तोंडानं शिकवणं. शिकवण्याचं काम त्यानं वस्तूंकडे आणि प्रसंगांकडे दिलं, आणि ते प्रसंग उभे करायची जबाबदारी शिक्षकावर टाकली. कशी, ते दाखवणारा एक प्रसंग मला फार आवडतो.

शिक्षक एमिलला सूर्याबद्दल, दिशांबद्दल काही दाखवत असतो. पॅरिसच्या उत्तरेला मॉन्टमोरेंसी नावाचं गाव आहे, त्याच्या उत्तरेला जंगल. ते जंगल कुठल्या दिशेला आहे हे दोघं बघत असतात. मध्येच एमिल विचारतो, "याचा उपयोग काय?" आपल्याला वर्गात हा प्रश्न आला की आपण लगेच पाच उपयोग सांगतो. हा शिक्षक म्हणतो, खरंच की, यावर निवांत विचार करू, काही उपयोग नसला तर सोडून देऊ. आणि विषय तिथंच थांबवतो.

दुसऱ्या दिवशी तो जेवणाआधी फिरायला जायचं काढतो. दोघं जंगलात शिरतात आणि वाट चुकतात. ऊन तापतं, भूक लागते, पोरगं थकून रडायला लागतं. शिक्षकही शेजारी हताश होऊन बसतो. मग हळूच विचारतो, किती वाजले? बारा. काल याच वेळी आपण गावातून जंगलाकडे बघत होतो नाही का? जंगल गावाच्या कुठल्या दिशेला होतं? उत्तरेला. म्हणजे गाव जंगलाच्या? दक्षिणेला. मग आता उत्तर कुठली हे कळायला हवं. भर दुपारी सावली उत्तरेला पडते हे एमिलनं आधी बघितलेलं असतं. तो सावली बघतो, तिच्या उलट दिशेला चालायला लागतो, आणि झुडपांपलीकडे गाव दिसतं. गाव पहिल्यापासून जवळच होतं. शिक्षकाला ते माहीत होतं. पोरगं टाळ्या पिटत जेवायला पळतं: या सूर्य-सावलीचा उपयोग असतो तर!

आता तुमचे मुकुट यापुढे ठेवून बघा. मी दोन गोष्टी बघेन. पहिली, प्रश्न कुणाचा होता? जंगलात उत्तर दिशा एमिलला हवी होती, कारण त्याला घरी जाऊन जेवायचं होतं. मुकुट मात्र टाचणात कृती हवी म्हणून तुम्हाला हवा होता. मुलांना तो आवडला, पण आवडणं वेगळं आणि अडणं वेगळं. दुसरी गोष्ट, चूक झाली तर ती कोण दाखवतं? एमिल उलट्या दिशेला गेला असता तर गाव दिसलं नसतं. शिक्षकानं तोंड उघडायची गरजच नव्हती. मुकुट वाकडा झाला तर तो वाकडा आहे हे बाईच सांगणार. पान चिकटवताना तर चुकायला काही जागाच नाही. आंब्याचं पान वडाच्या शेजारी चिकटलं तरी डिंक तेवढाच धरतो. जिथं चुकता येत नाही तिथं शिकायलाही काही उरत नाही, म्हणून शनिवारी तुमच्या मुलांकडे सांगायला काही नसतं. ती गप्प बसतात हा त्यांचा प्रामाणिकपणा आहे. हातांनी काम केलं, पण त्या कामानं डोक्याला काही विचारलंच नाही.

मग काय करायचं? तुमच्या शाळेत दुपारी खिचडीला मुलं कुठं बसतात? बऱ्याच शाळांमध्ये व्हरांडा पुरत नाही आणि काही पंगती झाडाखाली बसतात. माझ्या एका शाळेत निंब होता. फेब्रुवारी लागला की जेवताना निम्म्या मुलांवर ऊन यायचं. बसताना सावली असायची आणि ताट संपेपर्यंत ती सरकलेली असायची. मी बरीच वर्षं "सरका रे" एवढंच म्हणत होते. आपल्या अंगणातच मॉन्टमोरेंसीचं जंगल आहे हे कळायला मला 'एमिल' वाचावं लागलं.

त्या वर्षी मी मुलांना एवढंच म्हटलं की उद्यापासून जागा तुम्ही ठरवायची, पण जेवण संपेपर्यंत कुणावर ऊन यायला नको. आमची जेवणाची सुट्टी एक ते पावणेदोन. पहिल्या दिवशी ती खोडाला टेकून बसली, कारण झाडाजवळ सावली जास्त असं त्यांना वाटलं. दीडपर्यंत एका बाजूच्या पंगतीवर ऊन आलं. मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी ती सावलीच्या कडेला बसली, पण चुकीच्या बाजूच्या कडेला, त्यामुळे सगळ्यांच्याच डोक्यावर ऊन. मग भांडणं. भांडणातून एक मुलगी म्हणाली, "ती कुठं जाते ते आधी बघून ठेवू." तेव्हा मी चुन्याचा डबा दिला. त्यांनी सावलीची कड साडेबाराला आखली, एकला आखली, दीडला आखली. तीन रेघा शेजारी शेजारी दिसल्यावर सांगायला काही उरलंच नाही. सावली शाळेच्या फाटकाकडे, म्हणजे पूर्वेकडे सरकत होती. तिसऱ्या दिवशी पंगत फाटकाच्या बाजूला बसली. बसताना कडेच्या चार मुलांवर ऊन होतं, पण ती उठली नाहीत. "येतीय, येतीय," म्हणत बसून राहिली, आणि सावली आली.

त्या चार मुलांनी भाकीत केलं होतं. निसर्गवादाला मुलाकडून जे हवं असतं ते हेच: वस्तूकडे बघून पुढं काय होणार हे स्वतः सांगणं, आणि वस्तूनंच ते खरं किंवा खोटं ठरवणं. शनिवारी मी विचारायच्या आधीच मुलं सांगत होती.

तिथून पुढं काठी उभी करा. मीटरभर लांबीची सरळ काठी, दोऱ्याला दगड बांधून ओळंब्यानं उभी केलेली. साडेअकरापासून सव्वापर्यंत दर पंधरा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडा ठेवायचा. सावली सगळ्यात लहान केव्हा होईल असं आधी विचारा. सगळे "बारा वाजता" म्हणतील, तुम्हीही म्हणाल. पण घड्याळातली वेळ साऱ्या देशाला एकच आणि ती मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशाच्या रेखावृत्तावरची आहे. आपण त्याच्या बरेच पश्चिमेला. पुण्याच्या आसपास सगळ्यात लहान सावली साधारण साडेबाराच्या पुढं मिळते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला थोडी आधी, फेब्रुवारीत पाऊण वाजण्याच्या सुमाराला. तिसरीच्या मुलाला रेखांश सांगायचे नाहीत. "घड्याळाचे बारा आणि काठीचे बारा वेगळे आहेत" एवढं त्याच्या खड्यांनी त्याला सांगितलं की पुरे. पुढं भूगोलाचे गुरुजी रेखावृत्त काढतील तेव्हा या मुलाकडे त्यासाठी जागा तयार असेल.

आणखी एक सांगते, कारण इथं रूसोचंही वाक्य आपल्याला जसंच्या तसं घेता येत नाही. भर दुपारी सावली उत्तरेला पडते हे फ्रान्समध्ये वर्षभर खरं आहे. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला राहतो. मेमध्ये कधीतरी सूर्य नेमका डोक्यावरून जातो आणि त्यानंतर काही आठवडे भरदुपारची सावली दक्षिणेला पडते. पुण्याच्या आसपास जुलैच्या शेवटी तो परत डोक्यावर येतो, खानदेशात जुलैच्या मध्याला, सिंधुदुर्गाकडे ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. म्हणजे जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा ढगांतून ऊन पडलंच तर मीटरभर काठीची सगळ्यात लहान सावली जेमतेम आठ-नऊ सेंटिमीटर भरेल, आणि तीही दक्षिणेकडे. डिसेंबरात तीच सावली नव्वद सेंटिमीटरच्या आसपास आणि उत्तरेकडे. एमिलचा नियम पाठ केलेलं आपलं मूल जूनमध्ये हरवलं तर नेमकं उलट्या दिशेला चालू लागेल. खडे ठेवलेलं मूल चालणार नाही. पाठांतराला रूसोचा विरोध का होता, हे मला त्याच्या पानांपेक्षा या काठीनं जास्त पटवलं.

एमिलच्या शिक्षकाला एकच मूल होतं, तुम्हाला अठ्ठावीस. त्यानं केलेली लबाडी तुम्ही करू नका. मुलांना मुद्दाम हरवायचं आणि आपल्यालाही माहीत नसल्याचं सोंग करायचं, हे मला कधी रुचलं नाही. रूसो उघड लिहितो की स्वातंत्र्याचा आभास असलेल्या ताब्याइतका पक्का ताबा दुसरा नाही. ते वाक्य वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. अठ्ठावीस मुलांत सोंग दोन दिवसही टिकत नाही, आणि टिकलं तरी ज्या दिवशी उघडं पडेल त्या दिवशी मुलांचा विश्वास जाईल. निंबाखाली मी काही लपवलं नाही. ऊन येतं हे सगळ्यांना दिसत होतं. मी फक्त "सरका रे" म्हणणं थांबवलं. अशा खऱ्या अडचणी शाळेत रोज असतात: टाकीचं पाणी सुट्टीपर्यंत पुरत नाही, बागेतल्या मेथीच्या एका वाफ्यात बी उगवतं आणि दुसऱ्यात कुजतं, खडूची पेटी महिनाभर जात नाही. आठवड्याला अशी एक अडचण घ्या आणि ती चार-पाच दिवस पुरवा. रोज नवी कृती नको. निंबाला आमचे आठ दिवस गेले, आणि त्यात मोजणं, दिशा, वेळ, नकाशा सगळं येऊन गेलं.

हा विचार आपल्यापर्यंत कसा आला तेही थोडक्यात सांगते, कारण कृतीच्या नावाखाली सध्या जे चालतं ते सगळं रूसोच्या माथी मारता येत नाही. त्यानं स्वतः शाळा काढली नाही. स्वतःची पाच मुलं तर त्यानं अनाथालयात सोडली. ते वाचताना कोणाही शिक्षकाला त्रास होतो, मलाही झाला. शाळेपर्यंत हे नेलं ते स्वित्झर्लंडच्या पेस्टालोत्सीनं, गरीब आणि अनाथ मुलांमध्ये काम करून. त्याच्या इव्हेर्दोंच्या शाळेत फ्रोबेल हा जर्मन शिक्षक दोन वर्षं राहिला, आणि १८३७ मध्ये त्यानं जर्मनीत सुरू केलेल्या कामातून किंडरगार्टन आलं. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम उभं केलं, अनुताई वाघ त्यांना तिथंच येऊन मिळाल्या, आणि १९५७ मध्ये दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तिथं वारली मुलं शाळेत येत नव्हती, कारण त्यांना गुरं राखायची असायची. या दोघींनी 'मुलं शाळेत का येत नाहीत' हा प्रश्न उलटा केला आणि शाळाच गुरांमागं कुरणात नेली. कुरणशाळा म्हणतात ती हीच. मूल जिथं आहे, जसं आहे, तिथून सुरुवात, हे निसर्गवादाचं मागणं मला कुठल्याही पुस्तकापेक्षा त्या कुरणात जास्त खरं झालेलं दिसतं. आता तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्येच लिहिलंय की शिकणं कृती, शोध आणि धांडोळा यांतून, बालकेंद्री रीतीनं व्हावं. शिक्षण परिषदेत तुम्हाला जे सांगतात ते तिथून येतं.

आता तुमची अकरा मुलं. इथं मी तुम्हाला वाट बघा असं मुळीच सांगणार नाही, आणि का ते सांगण्यासाठी माझी एक चूक सांगते.

रूसो वाचून झाल्यावरच्या वर्षी माझ्याकडे पहिलीचा वर्ग होता. मूल तयार झालं की आपोआप वाचेल, घाई करायची नाही, असं माझं ठाम मत झालं होतं. वर्ग चित्रांनी, पुस्तकांनी, गोष्टींनी भरला. ज्यांच्या घरी वर्तमानपत्र येत होतं, मोठी बहीण होती, ती मुलं खरंच दिवाळीपर्यंत वाचायला लागली, आणि मला वाटलं पद्धत चालतेय. ऊसतोड कामगारांचा एक मुलगा होता. निंबाच्या, पाण्याच्या, बैलाच्या गोष्टीत तो सगळ्यांच्या पुढं. तो ऑक्टोबरात आईबापांबरोबर कारखान्यावर गेला आणि एप्रिलमध्ये परत आला. त्याला एकही अक्षर येत नव्हतं. मी त्याची 'तयारी' व्हायची वाट बघत होते, आणि वाट बघायला त्याच्याकडे जून ते सप्टेंबर एवढेच चार महिने होते. पुढं तो तिसरीपर्यंत मागंच राहिला आणि मग शाळेतून गेला. त्यात माझा वाटा होता.

तेव्हापासून मी दोन प्रकारच्या गोष्टी वेगळ्या करते. सावली कुठं सरकते, बी का कुजतं, जड काय आणि हलकं काय, याची उत्तरं त्या त्या वस्तूतच असतात, मूल चुकलं तर वस्तू त्याला सांगते. पण 'क' या आकाराला 'क' असंच का म्हणायचं? त्या आकारात तसं काहीही नाही. ते माणसांनी आपसांत ठरवलेलं आहे. मूल 'क'कडे वर्षभर बघत बसलं तरी 'क' त्याला आपला आवाज सांगणार नाही. काना, मात्रा, जोडाक्षरं, आकड्यांची चिन्हं, सोमवारनंतर मंगळवार, हे निसर्गात कुठंच नाही. ते कुणीतरी सांगावंच लागतं. घरी सांगणारं कुणी असेल तर शाळेनं वाट बघितलेली खपून जाते. घरी नसेल तर शाळेनं वाट बघणं म्हणजे त्या मुलाला वाऱ्यावर सोडणं.

रूसोच्या बाबतीतही हेच झालं. एमिलला वाचायला कसं शिकवायचं यावर त्याची युक्ती सुंदर आहे. मुलाच्या नावानं चिठ्ठ्या येतात, जेवायचं आमंत्रण, नदीवर फिरायचं आमंत्रण. वाचून दाखवायला नेमकं कुणी नसतं, किंवा वेळ निघून गेल्यावर कुणी सापडतं आणि साय-मलई चुकते. मग पोरगं स्वतः वाचायला धडपडतं. पण नीट बघा, चिठ्ठी त्याला वाचायचं कारण देते, वाचता यायचं साधन देत नाही. अक्षरं ओळखायला त्याच्याभोवती शिकलेली माणसं आहेतच, त्यांचा उल्लेखही रूसोला करावासा वाटत नाही. पेस्टालोत्सीनं आपल्या मुलाचं नावच रूसोवरून ठेवलं आणि त्याला 'एमिल'प्रमाणे वाढवायला घेतलं. पाणी उताराकडे धावतं हे ओढ्याकाठी नेऊन दाखवलेलं त्यानं रोजनिशीत लिहून ठेवलं आहे. ते तो मुलगा लगेच शिकला. लिहिणं-वाचणं मात्र अकराव्या वर्षापर्यंतही त्याला धड जमत नव्हतं.

म्हणून त्या अकरा जणांना रोज चाळीस मिनिटं वेगळी द्या, आणि त्या वेळात सरळ शिकवा, संकोच न करता. आधी प्रत्येकाला एकेकटं बसवून बघा की नेमकं कुठं अडतंय. अकरांचं दुखणं एकच नसतं. काहींना निम्मीच अक्षरं येत असतील. काहींना अक्षरं येतात पण 'कि' आणि 'की', 'के' आणि 'कै' यांत गोंधळ. काही जण सुटी अक्षरं बरोबर म्हणतात पण 'क-म-ळ' जोडून 'कमळ' होत नाही. हे तीन गट करा. पहिल्या गटाला मुळाक्षरांचा क्रम धरून बसू नका, ज्यांतून लगेच शब्द होतात अशी चार-पाच अक्षरं एकदम द्या: म, क, ल, ब आणि काना. पहिल्याच दिवशी 'काका', 'मामा', 'बाबा' वाचता येतात. तिसऱ्या गटाला नवं अक्षर द्यायचंच नाही, फक्त आवाज न तोडता ओढत वाचायला लावायचं. नुसतं गिरवून यातलं काहीच सुटत नाही. हात वळण शिकतो, आवाज शिकत नाही.

आणि त्याबरोबर रूसोची चिठ्ठी वापरा, कारण ती खरंच चालते. वर्गात पत्र्याचा डबा ठेवा. अकरा जणांपैकी प्रत्येकाला आठवड्यातून दोनदा त्याच्या नावाची चिठ्ठी, त्याला आत्ता येत असलेल्या अक्षरांतच लिहिलेली. 'बाकाखाली बघ.' तिथं एक बोर ठेवलेलं. 'काका आला का?' याचं उत्तर त्यानं तुम्हाला येऊन सांगायचं. चुकीचं वाचलं तर बोर सापडत नाही, तुम्हाला चूक दाखवावी लागत नाही. इथं अक्षराच्या मागं वस्तू उभी राहते. चिठ्ठी वाचून दाखवायची नाही असं बाकीच्या सतरा जणांना बजावून ठेवा, नाहीतर पहिल्या दिवशी सगळी मिळून वाचून टाकतात. दुसऱ्या महिन्यापासून त्या सतरांनाच चिठ्ठ्या लिहायला लावा, त्यांचं लेखन त्यातून सुधारतं.

पालकांना सांगायला जाऊ नका, दाखवा. पालक सभा दुपारी साडेबाराला ठेवा. अंगणात तीन चुन्याच्या रेघा आखलेल्या असू द्या, आणि मुलांना पालकांना विचारू द्या, "दीड वाजता सावली कुठं असेल? तिथं उभे राहा." बरेच पालक चुकतील. शेतात राबणारे बरोबर उभे राहतील, आणि त्यांच्या मुलांचे चेहरे तेव्हा बघा. मग त्या अकरातल्या एखाद्याला डब्यातली नवी चिठ्ठी काढून त्याच्या आईसमोर वाचू द्या.

मुकुट बनवायचेच असतील तर स्नेहसंमेलनाला बनवा, तेव्हा ते लागतातच.

काठी आणि खडे जमले की तुमच्या गावची सगळ्यात लहान सावली किती वाजता पडली ते मला कळवा. माझ्याकडे बऱ्याच शाळांच्या वेळा लिहून ठेवलेली एक वही आहे, त्यात तुमची शाळा घालेन.

तुमची,
बाई